उलटा डेप्थ बफर: नेमकं कुठे उलटायचं

प्रतिक्रिया: «उलट्या डेप्थचा तुमचा उपाय पटला नाही. येळ्ळूर शिवाराच्या मॉडेलमध्ये रस्ता जमिनीपेक्षा ५ सेंटीमीटर वर ठेवलाय. कॅमेरा २०० मीटर उंचीवर, निअर प्लेन ०.१ मीटर. दोन किलोमीटरवरच्या रस्त्यावर पट्टे लुकलुकतात. फार प्लेन २० किलोमीटरवरून ५ वर आणलं, २४ बिटांऐवजी ३२ बिटांचा फ्लोट बफर घेतला, शेवटी शेडरमध्ये `1.0 - depth` केलं. फरक शून्य. संख्या उलटी लिहून माहिती कशी वाढेल?» – निपाणीहून एक वाचक

नमस्कार. वजाबाकीने माहिती वाढत नाही, हे अगदी बरोबर. मूळ लेखात अशा पट्ट्यांवर उपाय म्हणून मी ‘डेप्थ उलटी करा’ एवढंच लिहिलं, कोणत्या टप्प्यावर ते लिहिलं नाही. तुमचं काम तिथेच अडलं आहे.

आधी पट्टे का येतात ते पाहू. नेहमीच्या पद्धतीत बफरमध्ये अंतर z जात नाही, साधारण `1 - n/z` जातं (n म्हणजे निअर प्लेन). त्यामुळे २४ बिटांच्या सुमारे १ कोटी ६७ लाख पायऱ्यांपैकी निम्म्या १० ते २० सेंटीमीटरच्या पट्ट्यातच खर्च होतात. पुढे एका पायरीची रुंदी `z² / (n · 2^24)` एवढी होते. तुमचे आकडे घातले तर २००० मीटरवर ती जवळपास २.४ मीटर येते. सपाट शिवारात तुमची नजर रस्त्यावर दहास एक अशा उतारानेच पडते, म्हणून ५ सेंटीमीटरची उंची नजरेच्या दिशेने सुमारे ५० सेंटीमीटर भरते. पण तेही २.४ मीटरच्या एकाच पायरीत मावतं. मग रस्ता जिंकणार की जमीन, हे प्रत्येक पिक्सेलला आकडा कोणत्या पायरीवर गोल झाला त्यावर ठरतं. कॅमेरा जरा हलला की निकाल बदलतो आणि पट्टे सरकतात.

या सूत्रात फार प्लेन नाहीच. म्हणून २० चे ५ किलोमीटर करून काही झालं नाही. निअर ०.१ चं १ मीटर करून पाहा: पायरी २४ सेंटीमीटरवर येईल आणि पट्टे बरेच कमी होतील. दोष डेप्थच्या अचूकतेचाच आहे, हे ओळखायची ही सोपी खूण.

आता फ्लोट. फ्लोटच्या पायऱ्या शून्याजवळ अतिशय बारीक असतात आणि ०.५ ते १ मध्ये २^-२४, म्हणजे २४ बिटांच्या बफरइतक्याच जाड. तुमच्या रस्त्याची डेप्थ ०.९९९९५ आहे, ती नेमकी जाड भागात पडते. तिथे आकडा एकदा जवळच्या पायरीवर गोल झाला की मागाहून १ मधून वजा करून हरवलेलं परत येत नाही.

म्हणून `n/z` हा छोटा आकडा प्रोजेक्शन मॅट्रिक्समधूनच थेट निघायला हवा. २००० मीटरवर तो ०.००००५ येतो. तिथली फ्लोटची पायरी अंतरात मोजली तर ०.१५ मिलिमीटर भरते. दूर गेल्यावर `n/z` पायऱ्या रुंद करतो, फ्लोट त्या बऱ्याच अंशी बारीक करतो, आणि दोघांचं साटंलोटं जुळतं. पूर्णांकी बफरच्या पायऱ्या सगळीकडे सारख्या असल्याने तिथे उलटून काहीच मिळत नाही.

```
glClipControl(GL_LOWER_LEFT, GL_ZERO_TO_ONE);
glClearDepth(0.0);
glDepthFunc(GL_GREATER);
P[2][2] = 0; P[2][3] = -1;
P[3][2] = n; P[3][3] = 0;
```

यात फार प्लेन अनंतावर जातं. पहिली ओळ विसरू नका. ती नसेल तर ओपनजीएल डेप्थ -१ ते १ मध्ये धरतं, दूरचे आकडे बफरमध्ये ०.५ ला चिकटतात आणि पायरी पुन्हा काही मीटरची होते. ही सोय ओपनजीएल ४.५ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. खिडकीचा स्वतःचा डेप्थ बफर बहुधा २४ बिटांचा असतो, तेव्हा `GL_DEPTH_COMPONENT32F` जोडलेला वेगळा फ्रेमबफर करून त्यात काढा. चित्र पूर्ण कोरं आलं, तर बहुतेक क्लिअरचा आकडा अजून १ आहे.

एवढं करूनही रस्त्याच्या कडा थरथरल्या, तर मॉडेलचे निर्देशांक तपासा. यूटीएममध्ये येळ्ळूरचा उत्तरेचा आकडा सुमारे साडेसतरा लाख मीटर येतो आणि तिथे फ्लोटची पायरी १२.५ सेंटीमीटर असते. तुमचे ५ सेंटीमीटर बफरपर्यंत पोचायच्या आधीच डगमगतात. शिवारातला एक बिंदू मूळ धरून तो डबलमध्ये वजा करा, मगच जीपीयूकडे पाठवा.

रस्त्यावरचा पांढरा पट्टा अगदी त्याच प्रतलात असेल, तर मात्र उलटा बफरही हात टेकतो, कारण तिथे वेगळं करायला अंतरच नाही. त्याला `glPolygonOffset` लावा. जवळ म्हणजे आता मोठा आकडा, त्यामुळे आधी -1, -1 देत असाल तर आता 1, 1 द्या.