राजीनामा द्या, पण कुणाला कळू देऊ नका

तुम्ही एका खासगी कंपनीत साधे संचालक आहात. पगार नाही, केबिन नाही. मेव्हण्याला कागदावर दुसरं नाव हवं होतं, म्हणून तुमचं लागलं. आता पटेनासं झालंय आणि बाहेर पडायचंय. उत्तम! रात्री साडेअकराला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहा, "आजपासून माझा कंपनीशी संबंध नाही. मला काही विचारू नये." खाली वहिनींचा रडका इमोजी आला की राजीनामा पोचला असं समजा आणि निवांत झोपा.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १६८ म्हणतं की संचालकाने कंपनीला लेखी सूचना द्यावी. पण घरचा ग्रुप म्हणजेच कंपनी नाही का? नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट पाठवायचं, पावती जपायची, कंपनीच्या ईमेलवर प्रत टाकायची, हे सगळं परक्यांशी वागणं झालं. आपल्या माणसांत पोच मागतात का कुठे?

यापुढची पायरी म्हणजे मंजुरीची वाट पाहणे. मेव्हणे म्हणतील, "ऑडिट होऊ दे, मग बघू." नंतर म्हणतील, "कंपनीत दोनच संचालक आहेत, तुझ्या जागी माणूस मिळू दे." तुम्ही मान डोलवा. खरं तर राजीनामा मंजूर करण्याचा अधिकार संचालक मंडळाला या कलमाने दिलेलाच नाही. मंडळाने फक्त त्याची नोंद घ्यायची असते. खासगी कंपनीत किमान दोन संचालक लागतात हे खरं, पण ती कंपनीची अडचण. सगळेच संचालक सोडून गेले तर काय करायचं, याचीही सोय त्याच कलमात आहे. तेव्हा प्रवर्तकाने नवे नेमायचे आणि प्रवर्तकही नसेल तर केंद्र सरकारने. पण हे वाचत बसलात तर वाट पाहायला वेळ कधी मिळणार?

तारखेचा हिशेब चुकूनही समजून घेऊ नका. समजा, तुमचं पत्र १२ जूनला कंपनीला मिळालं आणि त्यात '३० जूनपासून' असं लिहिलंय. मग राजीनामा ३० जूनला लागू होतो. त्याच पत्रात '१ जूनपासून' लिहिलं असेल तर तो १२ जूनला लागू होतो. पत्र मिळाल्याची तारीख आणि पत्रात लिहिलेली तारीख यांतली जी नंतरची, ती धरायची. म्हणजे पत्रात तारीख लिहून तुम्ही पुढे सरकू शकता, मागे जाऊ शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, थोड्या वेळाने माझा आवाज चढणार आहे.

डिजिटल सहीचं टोकन कंपनीच्या अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्येच राहू द्या. पासवर्ड त्यालाच ठाऊक असेल तर फारच छान.

आता फॉर्म. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत कंपनीने कंपनी निबंधकाकडे संचालकाने पद सोडल्याचं कळवणारा डीआयआर-१२ भरायचा असतो. वरच्या उदाहरणात १२ जुलैपर्यंत. तो भरला की नाही हे विचारू नका, मेव्हण्याचा अपमान होईल. त्याचं साधं शुल्क भागभांडवलानुसार दोनशे ते सहाशे रुपये, आणि कितीही रखडवला तरी जादा शुल्क बारा पटींपर्यंतच. एवढे पैसे आणि अर्धा तास वाचावा म्हणून कंपन्या माणसाला वर्षानुवर्षं कागदावर संचालक ठेवतात. तुमच्या हातातला फॉर्म म्हणजे डीआयआर-११. तो राजीनाम्यापासून तीस दिवसांत स्वतःच्या डिजिटल सहीने भरायचा. सोबत राजीनाम्याचं पत्र, ते पाठवल्याचा पुरावा आणि असल्यास कंपनीची पोच जोडायची. पूर्वी तो सक्तीचा होता, ७ मे २०१८ पासून ऐच्छिक झाला. ऐच्छिक म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली होती? विसरून जा. बँक विसरणार नाही.

ही सगळी पद्धत तंतोतंत पाळणारे एक गृहस्थ गेल्या आठवड्यात माझ्यासमोर येऊन बसले. मी कंपनी सेक्रेटरी, म्हणजे माझा धंदाच हा. हातात दोन नोटिसा होत्या. एक न वटलेल्या धनादेशाची, दुसरी कंपनीच्या थकीत जीएसटीची. त्यांच्या मते त्यांनी २०२१ मध्येच राजीनामा दिला होता. पुरावा विचारला तर त्यांनी फोनवर तो मेसेज दाखवला. सरकारी पोर्टलवर नाव आजही संचालकांच्या यादीत. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, "२०२१ च्या तारखेचं पत्र करून द्या ना. तुमचं रोजचंच असेल."

रोजचंच! पत्रावर वाटेल ती तारीख टाका हो, पण ते कंपनीला मिळालं कधी? स्पीड पोस्टची २०२१ ची पावती कुठून आणू? डिजिटल सहीवर आजची वेळ उमटते, ती कशी पुसू? आणि मेव्हण्यांनी उद्या 'हो, मिळालं होतं' असं लिहून दिलं, तर डीआयआर-१२ वर प्रमाणपत्र कोणी द्यायचं? मी! फॉर्ममध्ये जाणूनबुजून खोटं विधान केलं तर कलम ४४८ लागतं आणि ते थेट कलम ४४७ कडे, म्हणजे फसवणुकीच्या शिक्षेकडे नेतं. त्यात तुरुंगवास आहे. पाच हजारांच्या फीसाठी मी तुमच्याबरोबर आत यायचं? वर हे म्हणणार, "ओळखीत एवढंही करत नाही का?"

आणि समजा २०२१ चा राजीनामा खरोखर पोचला होता, तरी काय? त्यांच्या समजुतीप्रमाणे राजीनामा दिला की मागचं सगळं धुऊन निघतं. तसं होत नाही. पद असताना घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते, हे कलम १६८ मध्येच स्वच्छ लिहिलंय. जीएसटीची नोटीस २०१९-२० ची होती, तेव्हा हे पदावर होतेच. खासगी कंपनीकडून थकबाकी वसूल झाली नाही, तर त्या काळातल्या संचालकांकडे हात वळतो. आपला घोर निष्काळजीपणा, गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर नव्हती, हे त्यांनीच सिद्ध करायचं. धनादेशाचं मात्र वेगळं आहे. तो यंदाचा होता. राजीनामा आधीच लागू झाल्याचं निबंधकाच्या दप्तरात दिसलं असतं, तर सुटकेसाठी भक्कम कागद हातात असता. धनादेशापूर्वीच पद सोडलेल्या संचालकावरचा खटला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हर्षेंद्र कुमार प्रकरणात रद्द केला, तोही अशाच कागदांवर. ह्यांच्याकडे होता रडका इमोजी.

पुरे झाला हा सल्ल्याचा आव. सरळ बोलतो. मेव्हणेबुवा, दोनशे-सहाशे रुपयांचा फॉर्म तुम्ही भरला नाहीत, कारण नाव कागदावर असलं की नोटीस वाटून घेता येते. ही चलाखी नाही, नीचपणा आहे. आणि गृहस्थहो, शेअर विकताना तुम्ही दहा सह्या तपासता, सोसायटीची पावती फाइलला लावता, आणि संचालकपद सोडताना एक पाकीट पोस्टात टाकायला तुम्हाला लाज वाटते? आजच्या तारखेचं पत्र आज लिहा. नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्ट करा, ईमेल करा, पोच जपा. ते टोकन ताब्यात घ्या आणि डीआयआर-११ स्वतः भरा. बँकेला हमीबद्दल वेगळं पत्र द्या. पुढच्या व्यवहारांपुरती ती थांबवता येते, आधीचं देणं तुमच्यावर राहीलच. हे करून या, मग नोटिशीचं उत्तर लिहायला बसू. २०२१ ची तारीख मागायची असेल तर येऊ नका.