कोणता प्लॉट, भाऊ?

आज सकाळपासून डोकं तापलंय. भुसावळचे रेल्वेतले एक गृहस्थ, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, जळगावात एनए प्लॉट शोधत होते. 1,500 चौरस फूट, बजेट 25 लाख. एका स्थानिक प्रॉपर्टी साइटवर त्यांना निमखेडी शिवारातला एक प्लॉट आवडला. 1,600 रुपये फूट, म्हणजे 24 लाख. खालचा फॉर्म भरला: नाव, मोबाइल आणि एकच वाक्य, "हा प्लॉट अजून आहे का?" चार दिवसांनी ऑफिसमधून फोन आला. "तुम्ही चौकशी केली होती ना? कोणता प्लॉट, भाऊ?"

त्यांनी रस्ता सांगितला, फोटोतलं कडुलिंबाचं झाड सांगितलं. तोवर प्लॉट दुसऱ्याच्या नावावर बुक झालेला.

आता ऑफिसवाल्यांना नावं ठेवू नका. त्यांच्या मेलमध्ये जे आलं ते बघा: नाव, नंबर आणि "हा प्लॉट अजून आहे का?" बस. माणूस कोणत्या प्लॉटच्या पानावर उभा आहे हे साइटला त्या क्षणी ठाऊक होतं, पण फॉर्म बनवणाऱ्याने सगळ्या पानांवर तोच एक 'संपर्क करा' फॉर्म चिकटवलेला. आणि असा माणूस बिल लावताना 'लीड जनरेशन' लिहितो! राग येतो तो इथे.

प्रॉपर्टी साइट म्हणजे मुळात तीन टेबलं. मालमत्ता, एजंट आणि चौकशी. तिसरं पहिल्या दोघांना जोडतं. ते नसेल तर साइट नाही, रंगीत पॅम्फ्लेट आहे. चौकशीच्या टेबलात निदान एवढं हवं:

```sql
CREATE TABLE enquiry (
  id INT AUTO_INCREMENT PRIMARY KEY,
  listing_id INT NOT NULL,
  agent_id INT NOT NULL,
  name VARCHAR(100),
  mobile CHAR(10) NOT NULL,
  message TEXT,
  source VARCHAR(20),
  status VARCHAR(20) DEFAULT 'new',
  created_at DATETIME NOT NULL
);
```

`listing_id` ग्राहकाला विचारायचा नसतो, तो पानाकडून लपलेल्या फील्डमधून येतो. `agent_id` मात्र फॉर्ममधून घेऊ नका. सर्व्हरने त्या मालमत्तेचा आजचा एजंट बघून तो चौकशीच्या ओळीत लिहून ठेवायचा. उद्या मालमत्ता दुसऱ्या एजंटकडे गेली, तरी ही चौकशी कोणाकडे आली होती हे बदलत नाही. ऑफिसातली निम्मी भांडणं "ते गिऱ्हाईक माझं होतं" यावरूनच होतात.

क्रमही महत्त्वाचा. आधी डेटाबेसमध्ये जतन, मग निरोप. बहुतेक साइट उलटं करतात, किंवा जतन करतच नाहीत, नुसता मेल धाडतात. स्वस्त होस्टिंगवरून निघालेला मेल, त्यात डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम लावलेलं नाही, तो स्पॅममध्ये जातो. साइट मात्र 'धन्यवाद' म्हणून मोकळी. भुसावळच्या त्या गृहस्थांचा मेल चार दिवस तिथेच होता. जतन केलेलं असतं तर रोज सकाळी `status` अजून 'new' असलेल्या ओळी काढल्या असत्या आणि पहिल्याच दिवशी ते नाव दिसलं असतं.

हो, मान्य आहे, आपल्याकडचा एजंट मेल बघतच नाही. दिवसभर मोटारसायकलवर प्लॉट दाखवत फिरतो, सोबत एक फोन. म्हणूनच निरोप त्याच्या मोबाइलवर जायला हवा, आणि त्या निरोपात मालमत्तेचा कोड, शिवार, किंमत आणि ग्राहकाचा नंबर हे चारही हवेत. साइट उघडायला न लागता त्याला उन्हात उभं राहून फोन लावता आला पाहिजे.

आपल्या भागात रेंज जाते-येते, त्यामुळे माणूस बटण तीनदा दाबतो. एकाच्या तीन चौकशा होतात आणि एजंट वैतागतो. पहिल्या दाबानंतर बटण बंद करा, आणि तोच मोबाइल, तीच मालमत्ता 24 तासांत पुन्हा आली तर सर्व्हरवर नवी ओळ करू नका, जुन्याच ओळीत नवा मजकूर जोडा. मोबाइल तपासताना पुढचं +91 किंवा 0 काढून 10 आकडे उरतात का आणि पहिला 6 ते 9 मधला आहे का, एवढं पुरे. ओटीपी घ्यावा म्हणणारे अगदीच चूक नाहीत, खोटे नंबर कमी होतात. पण प्लॉट बघायलाच ओटीपी मागितला की साठीचा माणूस पान बंद करतो. फार तर नंबर खोटे येऊ लागल्यावर लावा.

"आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप बटण आहे ना" हे उत्तर मला तोंडपाठ झालंय. आहे, पण ते रिकामी चॅट उघडतं आणि तिकडेही "प्लॉट आहे का?" एवढंच जातं. कोड आधीच भरून द्या:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=JLG-PL-0417
```

नंबरात + नको, मध्ये जागा नको. आणि बटण दाबल्याची नोंद आपल्याकडे ठेवा. ती पूर्ण चौकशी नव्हे, कारण मोबाइल नंबर आपल्याला कळलेला नसतो, म्हणून ती वेगळ्या टेबलात ठेवलेली बरी.

आता थोडं मागे जातो, कारण या गृहस्थांना तो प्लॉट सापडला हेच नवल. त्यांनी '25 लाखांपर्यंत' फिल्टर लावला तेव्हा पहिल्या क्रमांकावर 1 कोटी 10 लाखांचा बंगला आला. का? किंमतीचा कॉलम मजकुराचा आहे. कोणी '24 लाख' लिहिलंय, कोणी '24,00,000', कोणी '1600 रु. फूट', कोणी 'फोनवर बोलू'. मायएसक्यूएलमध्ये असा मजकूर आकड्याशी ताडला की ते सुरुवातीचा आकडा तेवढा उचलतं. '24 लाख' झाले 24. '24,00,000' सुद्धा 24, कारण स्वल्पविरामाशी ते थांबतं. '1 कोटी 10 लाख' झालं 1. 'फोनवर बोलू' झालं 0, आणि कोणी देवनागरी आकडे टंकले तर तेही 0. सगळंच 25 लाखांच्या आत! साइटवर सगळ्यात स्वस्त क्रम लावा आणि वर कोट्यवधींचे बंगले दिसले, की रोग हाच समजा.

किंमत पूर्ण रुपयांत, पूर्णांकात: 2400000. '24 लाख' हे फक्त दाखवताना. 'फोनवर बोलू'वाल्यांसाठी किंमत रिकामी सोडा, 0 लिहू नका, आणि बजेटचा फिल्टर लागला की त्या वेगळ्या, खाली दाखवा. क्षेत्रफळाचंही तसंच. आपल्याकडे शेत एकर-गुंठ्यात, सातबारा हेक्टर-आरमध्ये, लेआउटचा नकाशा चौरस मीटरमध्ये आणि गिऱ्हाईक चौरस फुटांत बोलतं. साठवायचं एकाच एककात, चौरस मीटरमध्ये, आणि दाखवायचं प्रकारानुसार. 1,500 चौरस फूट म्हणजे 139.35 चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. फ्लॅटला कार्पेट आणि बिल्ट-अप असे दोन वेगळे कॉलम हवेत आणि फिल्टर कार्पेटवर चालायला हवा.

पुण्या-मुंबईच्या साइटची नक्कल केली की 'बेडरूम किती' हा फिल्टर प्लॉट शोधणाऱ्यालाही दिसतो. आधी प्रकार निवडू द्या, मग त्या प्रकाराचेच फिल्टर उघडा. प्लॉटला एनए आहे का, रस्त्याची रुंदी, कोपऱ्याचा आहे का. फ्लॅटला बेडरूम, मजला, लिफ्ट. एका फिल्टरमधल्या निवडी 'किंवा'ने जोडायच्या आणि वेगवेगळे फिल्टर 'आणि'ने. पिंप्राळा किंवा निमखेडी, आणि 25 लाखांच्या आत. काही साइट दोन वस्त्या निवडल्या की 'आणि' लावतात. एक प्लॉट दोन गावांत कसा असेल? उत्तर शून्य.

वस्तीचं नाव ही आपली खरी डोकेदुखी, आणि इथे मी बनवणाऱ्यांना थोडं समजून घेतो. कागदावर शिवार आणि गट नंबर, बोलण्यात कॉलनी, आणि टंकताना रोमन आणि देवनागरी मिळून चार तऱ्हा. Pimprala, Pimprale, पिंप्राळा, पिंपराळा. यावर उपाय म्हणजे एजंटला वस्ती टंकू न देणं. वस्त्यांचं एक टेबल, त्याच्या शेजारी उपनावांचं टेबल, आणि एजंट यादीतून निवडतो. शोधाच्या चौकटीत कोणी काहीही लिहिलं तरी उपनावांतून तो एकाच वस्तीवर पोचतो. जे शब्द कुठेच जुळले नाहीत ते आठवड्यातून एकदा बघून यादीत टाका. जळगावसाठी हे काम दोन दुपारचं आहे, पण शहर माहीत असलेल्या माणसानेच करावं.

लावलेले फिल्टर पत्त्यात दिसले पाहिजेत, उदाहरणार्थ `/jalgaon/nimkhedi/plot?max=2500000`, कारण आपली माणसं लिंक घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. या गृहस्थांनी मुलाला लिंक पाठवली आणि त्याला साइटचं मुखपृष्ठ दिसलं. प्रश्नचिन्हाआधीचा पत्ता हे गूगलला द्यायचं पान. त्यापुढचं काही नको, नाहीतर एकाच यादीची हजार पानं होतात. म्हणून बजेटवाल्या पानाच्या `canonical`मध्ये प्रश्नचिन्हाआधीचा पत्ता लिहा.

एजंटच्या पानाविषयी मी हळवा आहे. धुळे, नंदुरबारकडे माणूस माणूस बघून व्यवहार करतो. एजंटच्या पानावर त्याचा फोटो, तो कोणत्या वस्त्यांत काम करतो, अहिराणी बोलतो का, आणि त्याच्याकडच्या चालू मालमत्ता. ही यादी हाताने लिहायची नसते, `agent_id`वरून आपोआप यायची असते. महारेरा नोंदणी क्रमांक ठळक लिहा. एजंटचा क्रमांक A ने आणि प्रकल्पाचा P ने सुरू होतो. हे दोन वेगळे कॉलम आहेत, एक एजंटच्या टेबलात, दुसरा मालमत्तेच्या. एकाच्या जागी दुसरा टाकलेला मी किती ठिकाणी पाहिलाय! एजंट ऑफिस सोडून गेला तर त्याचं पान उडवू नका. मालमत्ता दुसऱ्याकडे वळवा, जुना पत्ता 301 ने ऑफिसच्या पानावर न्या, आणि तो पत्ता नव्या कोणाला देऊ नका.

आणि फॉर्मखाली साधं वाक्य लिहा: 'या मालमत्तेसाठीच फोन करू.' 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कारणापुरतीच असते. भुसावळच्या त्या माणसाला प्लॉट मिळाला नाहीच, वर तीन अनोळखी बिल्डरांचे फोन मात्र आले. त्यांचा नंबर तिकडे कुठून गेला?

हे लिहिताना मी ते पान पुन्हा उघडलं. बुक झालेला प्लॉट अजून 'उपलब्ध' दिसतोय, खाली तोच फॉर्म. पान काढू नका, लोकांनी लिंका पाठवलेल्या असतात. स्थिती 'विकला' करा, फॉर्म बंद करा, त्याच वस्तीतले त्याच बजेटचे तीन प्लॉट खाली दाखवा. 30 दिवस कोणी हात लावला नाही तर एजंटला एकच प्रश्न जाऊ द्या, 'अजून आहे का?', आणि सात दिवसांत उत्तर नाही तर मालमत्ता यादीतून आपोआप बाहेर.