फायबर असले तरी वीज मोडेमपर्यंत पोहोचते

«आता सगळीकडे फायबर आहे. काचेतून वीज जात नाही, त्यामुळे कितीही कडाडली तरी मोडेमला धोका नाही. फार तर बोर्डाचे बटण बंद करा किंवा स्पाइक गार्ड लावा. पावसानंतर मोडेमचे दिवे लागले आणि वायफाय चालू झाले की समजा सगळे ठीक आहे; मग नेट हळू चालत असेल तर दोष कंपनीचाच.»

काचेच्या तंतूबद्दलचे विधान खरे आहे. पण मोडेमला फक्त तो तंतूच जोडलेला नसतो. अडॅप्टरमधून येणारी वीजपुरवठ्याची तार असते आणि लॅन पोर्टातून संगणकाकडे, टीव्हीकडे किंवा कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरकडे जाणारी तांब्याची केबल असते. शिवाय अनेक गावांत आणि जुन्या वसाहतींत केबलवाल्याचे फायबर इमारतीच्या गच्चीवरील पेटीपाशीच संपते आणि तिथून प्रत्येक घरात लॅनची साधी तांब्याचीच केबल उतरवलेली असते. अशा ग्राहकाचे कनेक्शन कागदोपत्री फायबरचे असले, तरी विजेच्या दृष्टीने तो तांब्याचाच ग्राहक असतो.

नुकसान होण्यासाठी वीज घरावरच पडावी लागते असेही नाही. जवळपास पडलेल्या विजेचा हजारो अँपिअरचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढतो आणि त्यामुळे बदलणारे चुंबकीय क्षेत्र गच्चीवरून गेलेल्या लांब केबलीत विद्युतदाब निर्माण करते. लॅन पोर्टाच्या मागे बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, आणि ते बाहेरची केबल व आतली चिप एकमेकांपासून अलग ठेवतात. त्यांची चाचणी साधारणपणे 1500 व्होल्टची असते. दाब त्याच्या फार वर गेला की ठिणगी ते अंतर ओलांडते आणि पोर्ट सांभाळणारी चिप जळते. केबल जितकी लांब आणि उघड्यावरची, तितका हा धोका मोठा.

आमच्याच घरी गेल्या वळवात हे घडले. मोडेम दिवाणखान्यात होता आणि त्याला फायबर आलेले होते. गच्चीवरच्या चार कॅमेऱ्यांच्या केबली जिन्याखालच्या रेकॉर्डरमध्ये येत होत्या आणि रेकॉर्डर एका केबलीने मोडेमच्या दुसऱ्या पोर्टाला जोडलेला होता. वीज समोरच्या शेतातल्या झाडावर पडली. मोडेमचे सगळे नेहमीचे दिवे लागले, मोबाइलवर वायफाय व्यवस्थित चालले, आणि म्हणून दोन दिवस आम्ही निश्चिंत होतो. तिसऱ्या दिवशी कॅमेरे मोबाइलवर दिसत नाहीत हे लक्षात आले. दुसरा पोर्ट पूर्णपणे मेला होता आणि पहिल्या पोर्टावरच्या संगणकाला 300 एमबीपीएसच्या योजनेत 94 च्या वर वेग मिळत नव्हता. वीज फायबरमधून आलीच नव्हती, ती गच्चीवरून कॅमेऱ्यांच्या मागच्या दाराने आली होती.

बटणाच्या भरवशावर राहण्यात दोन अडचणी आहेत. आपल्या घरांतील साधे बटण फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि विजेचा झटका दोन्ही तारांवरून येऊ शकतो. दुसरे म्हणजे बटणाने लॅन केबलीचा मार्ग मुळीच बंद होत नाही. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच अडॅप्टर सॉकेटातून उपसून काढणे आणि बाहेरून येणाऱ्या केबली पोर्टातून सोडवणे, हाच खरा खबरदारीचा उपाय आहे. डोक्यावर वीज कडाडत असताना मात्र तारांना हात लावू नये.

स्पाइक गार्डविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्यात वॅरिस्टर नावाचा भाग असतो. दाब वाढला की तो जादा ऊर्जा स्वतःवर घेतो आणि तसे करताना थोडाथोडा झिजतो. घराला नीट अर्थिंग नसेल, तर अर्थकडे वळवायचा झटका त्याला वळवता येत नाही. बाजारातील कित्येक बोर्डांवर तर नाव स्पाइक गार्डचे आणि आत केवळ बटण व फ्यूज असतो. आणि तो उत्तम प्रतीचा असला, तरी पाहतो फक्त सॉकेटाकडे.

मुख्य प्रश्न दिव्यांचा आहे. पॉवरचा दिवा एवढेच सांगतो की मोडेमला वीज मिळत आहे. एलओएसचा लाल दिवा फायबर तुटल्याची किंवा जास्त वाकल्याची खूण आहे, झटक्याची नव्हे. वायफायचा भाग आणि लॅन पोर्ट चालवणारा भाग वेगळे असल्यामुळे एक धडधाकट राहून दुसरा जळू शकतो. म्हणून पाहायचे ते पोर्टाकडे: केबल लावूनही दिवा न लागणे, केबल काढल्यावरही तो लागलेलाच राहणे, दिवा लागूनही आयपी पत्ता न मिळणे, जोडणी मिनिटामिनिटाला तुटणे, आणि वेग 100 वर अडकून राहणे. हे शेवटचे लक्षण सर्वांत फसवे आहे. गिगाबिट जोडणीला केबलीच्या चारही जोड्या लागतात, 100 च्या जोडणीला दोनच पुरतात; त्यामुळे उरलेल्या दोनपैकी एक जरी निकामी झाली, तरी जोडणी मुकाट्याने खालच्या वेगावर उतरते आणि नेट चालूच आहे असे वाटत राहते. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे तपासता येते:

```
Get-NetAdapter | Format-Table Name, Status, LinkSpeed
```

`LinkSpeed` खाली `1 Gbps` अपेक्षित असताना `100 Mbps` दिसले, तरी लगेच पोर्टाला दोष देऊ नये. काही मोडेमांचे सगळे पोर्ट मुळातच गिगाबिटचे नसतात, एकच असतो. ते आधी मॉडेलच्या माहितीत पाहावे. उंदराने कुरतडलेली किंवा चारच तारांवर क्रिम्प केलेली केबलही नेमके हेच दाखवते. म्हणून खात्रीची एक-दोन मीटरची केबल आणि खात्रीचा लॅपटॉप घेऊन प्रत्येक पोर्ट स्वतंत्रपणे तपासावा. आमच्या मोडेमचे चारही पोर्ट गिगाबिटचे होते. या केबलीने तिसऱ्या व चौथ्या पोर्टावर 1 जीबीपीएस आले, पहिल्यावर 100 आणि दुसऱ्यावर काहीच नाही. मग शंकेला जागा उरली नाही. रेकॉर्डरचा पोर्टही असाच तपासला, तोही गेलेला निघाला. केबलीच्या दोन्ही टोकांची यंत्रे तपासणे लोक हमखास विसरतात आणि नवा मोडेम आणूनही कॅमेरे बंदच राहतात.

दोष अडॅप्टरचाही असू शकतो. मोडेमवर एकही दिवा लागत नसेल किंवा तो वारंवार आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. न्यूट्रल तुटल्याने सॉकेटावरचा दाब 300 व्होल्टच्या पुढे गेला, तर बहुतेकदा आधी अडॅप्टरच जातो, आणि मोडेम शाबूत असतो.

राहता राहिली कंपनी. मोबाइलवर वायफायने पूर्ण वेग मिळत असेल आणि केबलीनेच मिळत नसेल, तर बाहेरची लाइन ठीक आहे आणि लाइनची तक्रार नोंदवून उपयोग नाही. आम्ही तक्रार न करता मोडेम आणि रेकॉर्डर दोन्ही बदलले. नवा रेकॉर्डर गच्चीलगतच्या खोलीत नेला आणि तेथून दिवाणखान्यापर्यंत पोलादी तार नसलेले फायबर टाकून दोन्ही टोकांना लॅन केबल आणि फायबर यांची सांगड घालणारा मीडिया कन्व्हर्टर बसवला. पुढच्या वळवात कॅमेरे जळाले, तरी तो झटका त्या फायबरमधून मोडेमपर्यंत येणार नाही.