पहिला चष्मा घेणाऱ्यांसाठीच्या ‘त्या’ पाच सूचना

“पहिल्यांदा चष्मा घेताय? हे लक्षात ठेवा. १) नंबर कमी असला तरी हाय-इंडेक्सच घ्या, इंडेक्स जितका जास्त तितकं स्वच्छ दिसतं. २) फ्रेम मोठी घ्या, नजरेचा आवाका वाढतो, काच पातळ असली की साइजने काही फरक पडत नाही. ३) पीडी फक्त प्रोग्रेसिव्हला लागते, साध्या नंबरला स्टँडर्ड माप चालतं. ४) पहिला महिना डोकं दुखणारच, सवय होते. ५) चष्मा घसरला तर काड्या घट्ट करून घ्या.”

ही पोस्ट बहुतेक एखाद्या दुकानाचीच असावी, आणि लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सूचनेमुळे जो त्रास होतो, तो चौथी सूचना झाकून टाकते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिल्या मुद्द्यात इंडेक्स आणि स्वच्छपणा यांची सांगड चुकीची घातली आहे. इंडेक्स म्हणजे काचेचं साहित्य प्रकाशाला किती वाकवतं त्याचा आकडा. तो जास्त असला की तेवढाच नंबर कमी जाडीत बसतो, बस्स. स्वच्छ दिसण्याशी संबंध असलेला आकडा वेगळा आहे, त्याला आब्बे म्हणतात. तो जितका जास्त तितके कडेने पाहताना रंग कमी फुटतात. साध्या १.५० च्या प्लास्टिक काचेचा आब्बे ५८ च्या आसपास असतो, १.६० चा साधारण ४१, आणि १.६७ चा ३२ च्या घरात. म्हणजे काच पातळ होत जाते तसा हा गुण घसरतो. मायनस दोनसारख्या नंबरला हे डोळ्याला जाणवणारही नाही. मायनस सहाला मात्र काळ्या अक्षरांच्या कडेला निळी-पिवळी किनार दिसू शकते.

मग “हाय-इंडेक्स घेतल्यावर किती स्वच्छ दिसायला लागलं” असं लोक का म्हणतात? कारण त्या काचा जवळजवळ नेहमी अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगसह येतात. कोटिंग नसेल तर १.५० ची काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते आणि १.६७ ची सुमारे ६ टक्के. त्यामुळे कोटिंग नसलेली हाय-इंडेक्स काच साध्या काचेपेक्षा जास्त चमकते. काम कोटिंगचं आणि कौतुक इंडेक्सचं, असा हा प्रकार आहे. साध्या काचेवर तेच कोटिंग घेतलं तर स्वच्छपणा तितकाच मिळतो. (मुलांना पॉलिकार्बोनेट देतात ते चेंडू लागला तरी काच सहज फुटू नये म्हणून; त्याचा आब्बे तर ३० च आहे.)

आता फ्रेमचा मुद्दा, कारण खरी गोम इथेच आहे.

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ ५६, १८, १४५. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. पहिले दोन आकडे मिळवा: ५६ आणि १८ मिळून ७४. दोन्ही काचांच्या मध्यबिंदूंमधलं हे अंतर झालं. आता समजा, ज्याला चष्मा घालायचा आहे त्याच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, ६० आहे आणि दोन्ही डोळ्यांना नंबर मायनस दोन. ७४ वजा ६० म्हणजे १४, त्याचे निम्मे ७. काच कापणाऱ्याला प्रत्येक काचेचं नंबरचं केंद्र फ्रेमच्या मध्यापासून ७ मि.मी. नाकाकडे सरकवावं लागणार. केंद्र आत सरकलं की कानाकडची कड त्या केंद्रापासून २८ अधिक ७, म्हणजे ३५ मि.मी. लांब जाते.

मायनस काचेची जाडी केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढते. १.५० मध्ये ही कड मध्यापेक्षा साधारण २.४५ मि.मी. जाड होईल. तीच काच १.६७ मध्ये बनवली तर १.८ मि.मी. आणि १.५० च ठेवून फ्रेम ४८-१८ ची घेतली तर? ६६ वजा ६०, निम्मे ३; कड केंद्रापासून २७ मि.मी.वर, जादा जाडी १.४५. नुसती फ्रेम लहान करून इंडेक्स वाढवण्यापेक्षा जास्त फरक पडला. हाय-इंडेक्स काच मध्यातही थोडी पातळ घासता येते, तो फायदा धरला तर दोन्ही मार्ग जवळपास सारखे पडतात, हे खरं. पण फ्रेम बदलायला जादा काही मोजावं लागत नाही. साइजने फरक पडत नाही, असं मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही.

नजरेच्या आवाक्याचं म्हणाल तर डोळा काचेमागे फार फिरत नाही. बाजूला पाहायचं झालं की थोडा डोळा वळतो आणि मग मानच वळते. केंद्रापासून पंधरा-एक मिलिमीटरपलीकडची काच रोजच्या पाहण्यात क्वचितच कामाला येते. मोठी फ्रेम आवडते म्हणून खुशाल घ्यावी. फक्त तिच्यामुळे जास्त दिसेल ही समजूत नको.

तिसरा मुद्दा याच फ्रेममध्ये कसा अंगाशी येतो ते पाहा. तयार काचा गोल चकतीच्या रूपात येतात, बहुधा ६५ किंवा ७० मि.मी. व्यासाच्या. आपल्या ५६ च्या फ्रेमचं तिरकं माप ५८ धरू. त्यात दोन्ही बाजूंच्या सरकवण्याचे १४ आणि कापण्यासाठी २ मिळवले की ७४ मि.मी.ची चकती हवी. ती हाताशी नसेल तर एकतर मोठी मागवायची किंवा केंद्र बाहेर जाऊ द्यायचं. ७० च्या चकतीत काच बसवायची तर केंद्र प्रत्येक बाजूला २ मि.मी. बाहेर जातं, ६५ च्या चकतीत साडेचार. “साध्या नंबरला काय होतंय” हे वाक्य साधारण इथेच कानावर पडतं.

होतं असं की केंद्रातून न पाहता बाजूने पाहिलं की काच प्रिझमसारखी वागते. हिशोब सोपा आहे: केंद्र जितके सेंटीमीटर सरकलं, गुणिले नंबर. दोन्ही बाजूंचे साडेचार मिळून ०.९ सें.मी., गुणिले २, म्हणजे १.८ प्रिझम. एवढ्या नंबरच्या चष्म्याला आडवी चूक दोन्ही काचांची मिळून ०.६७ प्रिझमच्या आत असावी, अशी मर्यादा अमेरिकेच्या मानकात आहे. आणि कोणी पीडी न पाहता केंद्र फ्रेमच्या मध्यावरच ठेवलं तर ते २.८ वर जातं. मायनस काचेची केंद्रं बाहेर गेली की दूरची वस्तू एकच दिसावी म्हणून डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, आणि डोळ्यांना आत वळणं जेवढं जमतं तेवढं बाहेर वळणं जमत नाही.

नंबर अर्धा असेल तर हीच चूक निम्मी होते आणि बहुतेकांना कळतही नाही. म्हणूनच “आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, कोणी तक्रार केली नाही” हेही खोटं नसतं.

चौथ्या मुद्द्यात सवयीचा भाग आहेच, फक्त तो ओळखता यायला हवा. पहिल्या चष्म्यात जमीन थोडी खाली गेल्यासारखी वाटते, वस्तू किंचित लहान दिसतात, सिलिंडरचा नंबर असेल तर दाराची चौकट कललेली भासते. हे काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत निवळतं आणि दररोज थोडं कमी होत जातं. एक डोळा झाकला की प्रत्येक डोळ्याने आलटून पालटून छान दिसतं, पण दोन्ही उघडे ठेवले की ओढ बसते, डोळ्यांमागे दुखतं, क्षणभर दोन दोन दिसतात: हे सवयीचं लक्षण नाही. मायनसची केंद्रं बाहेर गेली असतील तर बहुतेकदा दूर पाहताना त्रास होतो आणि पुस्तक वाचताना बरं वाटतं. आणि एकाच डोळ्याला धूसर दिसत असेल तर नंबर किंवा काचच पुन्हा तपासायला हवी. महिनाभर थांबून यातलं काही सुधारत नाही.

केंद्र कुठे आहे ते घरीही पाहता येतं. चष्मा हातभर अंतरावर सरळ धरा, एक डोळा मिटा आणि काचेतून दाराची उभी कड पाहा. काचेतली रेघ आणि काचेबाहेरची रेघ तुटक दिसेल. चष्मा हळूहळू आडवा सरकवा. जिथे दोन्ही रेघा सलग जुळतील तिथून केंद्र जातं. काचेवर मार्करने बारीक ठिपका द्या. दुसऱ्या काचेचंही तसंच करा आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते पीडीशी जुळायला हवं. हाताने मोजताना एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणार; पण ६० च्या जागी ६९ आले तर ती चूक पट्टीची नाही. तिरक्या अक्षाचा मोठा सिलिंडर असेल तर काचेतली रेघ कललेली दिसते आणि ही युक्ती फसते. मग दुकानात लेन्सोमीटरवर ठिपके मारून घ्यावेत. कुठलाही जाणकार ऑप्टिशियन दोन मिनिटांत करून देतो. आणि मुळात पीडी मोजून बिलावर लिहून मागा, नंबर साधा असला तरी.

राहिल्या काड्या. चष्म्याचा भार नाकाने पेलायचा असतो. काडीने फक्त तो मागे धरून ठेवायचा. डोक्याच्या बाजूंना काडी आवळली तर उलट ती चष्म्याला पुढे ढकलते, कारण डोकं पुढून मागे रुंद होत जातं. शिवाय संध्याकाळपर्यंत कानाच्या वर ठणका लागतो तो वेगळाच. घसरण थांबवायची तर आधी नोजपॅड नाकाला पूर्ण टेकतात का ते पाहावं, फक्त कडेने टेकत असतील तर त्यांचा कोन वळवावा. मग काडीचा वाक तपासावा: तो कानाच्या वरच्या टोकापाशीच सुरू व्हायला हवा. पुढे सुरू झाला तर कान दुखतो, मागे गेला तर चष्मा खाली येतो. असिटेटची काडी गरम करूनच वाकवायची, नाहीतर तडा जातो. आणि एक काडी दुसरीपेक्षा वर बसली असेल तर एक काच खाली जाते. दोन काचांत ३ मि.मी.चा फरक पडला तर मायनस दोनला ०.६ प्रिझमचा वर-खालीचा फरक होतो. आडव्यापेक्षा हा उभा फरक डोळ्यांना खूप कमी झेपतो, त्यामुळे नंबर आणि पीडी दोन्ही बरोबर असूनही त्रास होत असेल तर आरशात समोरून चष्मा तिरका दिसतो का, हे सगळ्यात आधी पाहावं.