शिरेतून दिली तर केमो, गोळी घेतली तर ओपीडी?

माझ्या ताईच्या केमोच्या गोळ्यांचा क्लेम विमा कंपनीने नाकारला. पत्रात एकच ओळ: ‘ओपीडी औषधे देय नाहीत.’ संताप याचा येतो की याच गोळ्यांच्या आधीच्या दोन सायकलींचे पैसे याच कंपनीने मुकाट्याने दिले होते. डॉक्टर तेच, चिठ्ठी तीच, गोळी तीच, आजारही तोच. मग तिसऱ्या सायकलीपासून बदललं काय? फक्त कॅलेंडर.

ताईला ट्रिपल निगेटिव्ह स्तनाचा कॅन्सर आहे. आधी सलाइनमधून केमो झाली, मग ऑपरेशन. काढलेल्या गाठीच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी शिल्लक दिसल्या, म्हणून रेडिएशन आणि त्यानंतर कॅपेसिटाबिन. ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, सकाळी चार आणि रात्री चार, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस सुट्टी, अशा आठ सायकली. म्हणजे एका सायकलीला ११२ गोळ्या. तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात, भांडी घासणं सोडा, चप्पल घालवत नाही. आणि हिला हे लोक सर्दी-खोकल्याच्या औषधाच्या रांगेत बसवतात!

कॅपेसिटाबिन शरीरात गेल्यावर त्याचं ५-एफयू हे केमोचंच औषध होतं. तेच ५-एफयू पंप लावून शिरेतून दिलं की ती केमोथेरपी, डे-केअर म्हणजे रुग्णालयात काही तासांत होणारा उपचार, क्लेम मंजूर. पोटातून गेलं की ओपीडी. औषधाचा रस्ता बदलला म्हणून आजार बदलतो का हो?

पैसे थांबले ते असे. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा औषधखर्च मिळतो. ताईचं शेवटचं रेडिएशन डे-केअरमध्ये धरलं गेलं आणि ६० दिवस तिथून मोजले. त्वचा भरून यायला तीन आठवडे गेले, तोवर गोळ्या सुरूच करता आल्या नाहीत. उरले ३९ दिवस. त्यात दोनच सायकली बसल्या. आठ सायकलींना साडेपाच महिने लागतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहून दिलेलं आहे. उरलेल्या सहा सायकली आमच्या खिशातून.

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आणि हे उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असं कंपन्यांना बजावलं. त्या यादीत ‘ओरल केमोथेरपी’ स्पष्ट लिहिलेली आहे. आमच्या पॉलिसीतही आहे. पण पुढे जोडलंय: भरती होऊन, डे-केअरमध्ये किंवा डोमिसिलिअरी उपचार म्हणून. डोमिसिलिअरी म्हणजे रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही किंवा रुग्णालयात खाट नाही, म्हणून घरीच चाललेले उपचार. ताई चालती-फिरती आहे, त्यात बसत नाही. गोळी गिळायला डे-केअर लागत नाही. तीनपैकी एकही दार तिच्यासाठी उघडं नाही. जे औषध मुळात घरी घेण्यासाठीच बनवलंय, ते घरी घेतलं म्हणून नाकारायचं असेल तर यादीत नाव घालून कुणाची फसवणूक केलीत?

विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएच्या डेस्कवरचा मुलगा हळूच म्हणाला, “ताईंना एक दिवस ॲडमिट करा ना.” पण गोळीसाठी भरती केलं की तीच कंपनी ‘भरतीची वैद्यकीय गरज नव्हती’ म्हणून तो क्लेमही उडवते. आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या बाईला विनाकारण वॉर्डात का झोपवायचं? जंतुसंसर्ग झाला तर कोण बघणार?

आम्ही गप्प बसणार नाही. डॉक्टरांकडून पत्र घेतलंय: ही सुरू असलेल्याच उपचाराची पुढची केमोथेरपी आहे, ताकदीची औषधं नव्हेत, आणि भरती का नको तेही त्यात आहे. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही आणि नकारात पॉलिसीची नेमकी अट दाखवावी लागते. एका ओळीचं पत्र चालणार नाही. तो कलम क्रमांक आम्ही लेखी मागितलाय. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज गेलाय. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे वकील लागत नाही, फी नाही, तक्रारीवरच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. निकाल आमच्या बाजूने लागेलच असं नाही, कारण भरती, डे-केअर, डोमिसिलिअरी हे तीन शब्द पॉलिसीत छापलेले आहेत.

पण ज्यांनी ते शब्द लिहिले, त्यांनी ताईसमोर बसून सांगावं की तिसऱ्या सायकलीपासून ही केमो का नाही. चौथी सायकल सोमवारी सुरू होतेय. ११२ गोळ्या आणायच्या आहेत.