ऊसपट्ट्यातील शाखा आणि सप्टेंबरचा लाल रंग

बँक शाखांची उद्दिष्टपूर्ती रंगांत दाखवणारा नवा तक्ता मी सुचवला होता, त्यावरची एका शाखेची प्रतिक्रिया: "मार्चअखेर आमच्या ठेवी ४० कोटी होत्या, सप्टेंबरअखेर ४१ कोटी आहेत, उद्दिष्ट ४३ कोटी. म्हणजे ९५ टक्के पूर्तता! तुमच्या तक्त्यात मात्र ३३ टक्के आणि लाल. ऊसपट्ट्यातल्या शाखेवर हा अन्याय आहे. जुना तक्ता काय वाईट होता?"

उत्तर: आपला एक आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, पण जुन्या तक्त्याची बाजू मी घेऊ शकत नाही. सहा महिन्यांत एका रुपयाचीही वाढ न करणारी शाखा त्या तक्त्यात ४० भागिले ४३, म्हणजे ९३ टक्के दाखवते आणि पिवळ्या रंगात निर्धास्त राहते. गेल्या वर्षीची शिल्लक यंदाची कामगिरी म्हणून मोजली जाऊ नये, यासाठी मी फक्त वाढ मोजतो. B मध्ये मार्चअखेर, C मध्ये त्या महिन्याचे उद्दिष्ट आणि D मध्ये प्रत्यक्ष आकडा घ्यावा:

```
=(D2-B2)/(C2-B2)
```

हेच सूत्र एनपीएलाही चालते. एनपीए ५ टक्क्यांवरून ४ वर आणायचा होता आणि तो ४.४ वर आला, तर पूर्तता ६० टक्के येते. जुन्या पद्धतीने तीच ११० टक्के येते आणि थकबाकी हिरवी दिसते. मात्र मार्चचा आकडा आणि उद्दिष्ट अगदी जवळजवळ असतील, तर भाजक इतका लहान होतो की किरकोळ फरकानेही टक्केवारी उसळते. अशा ओळीला सरळ कमाल मर्यादा लावावी.

आता मान्य असलेला भाग. वर्षाच्या ६ कोटी वाढीचे बारा समान भाग करून सप्टेंबरला ३ कोटी मागणे चूकच आहे, कारण गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उसाची बिले त्यानंतर खात्यांत जमा होऊ लागतात. मागील तीन वर्षांत आपल्या शाखेची सप्टेंबरअखेरपर्यंतची वाढ वर्षाच्या वाढीच्या किती टक्के होती, ते काढा. समजा ती सरासरी २० टक्के निघाली, तर उद्दिष्ट ४१.२० कोटी होते, पूर्तता ८३ टक्के येते आणि रंग पिवळा होतो. हे विभाजन एप्रिलमध्येच मंजूर करून घ्यावे. सप्टेंबरमध्ये बदललेले उद्दिष्ट मुख्य कार्यालयाला सबबच वाटेल.

रंग कसे लावले आहेत, हेही एकदा तपासा. मी पाहिलेल्या एका आढाव्यात सर्वच शाखा उद्दिष्टाच्या बऱ्याच मागे होत्या, तरी एकीपुढे हिरवा दिवा होता. एक्सेलच्या Icon Sets मध्ये Type हा मुळात Percent असतो, आणि तो निवडलेल्या आकड्यांतील किमान व कमाल यांच्या दरम्यान दिवे वाटतो. त्यामुळे सर्वांत कमी मागे असलेली शाखाही हिरवी होते. Type बदलून Number करावा आणि हिरव्यासाठी 0.95, पिवळ्यासाठी 0.8 लिहावे.