लसीनंतरचा ताप: थर्मामीटरइतकंच घड्याळही बघा

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत असलेला मेसेज:

«बाळाला लस दिल्यावर ताप यायलाच हवा. ताप आला म्हणजे लस लागू पडली, नाही आला तर डोस फुकट गेला. सेंटरवर जायच्या आधीच तापाचं औषध 2 एमएल पाजा आणि तीन दिवस दर चार तासांनी देत राहा. घरी आल्यावर बाळाला नीट गुंडाळून ठेवा. ताप आठवडाभर राहिला तरी तो लसीचाच असतो, डॉक्टरकडे नेलं तर उगाच रक्त-लघवी तपासायला लावतात.»

आधी औषधाचं बोलू, कारण या मेसेजमधली तीच ओळ बाळाला थेट इजा करू शकते. पॅरासिटामॉलचा डोस मिलीवर ठरत नाही. तो बाळाच्या वजनावर, मिलिग्रॅममध्ये ठरतो: एका वेळेला दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस. मिलीचा हिशोब त्यानंतर येतो आणि तो हातात कुठली बाटली आहे त्यावर अवलंबून असतो.

केमिस्टकडे हे एकच औषध वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. ड्रॉपरवाल्या छोट्या बाटलीत, ज्याला आपण थेंब म्हणतो, बहुतेक वेळा 1 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 125, आणि मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये 5 मिलीत 250. म्हणजे सगळ्यात लहान बाटलीतलं औषध सगळ्यात कडक असतं, आणि तान्ह्या बाळासाठी घरात आणलेली असते ती नेमकी हीच बाटली.

समजा दहा आठवड्यांची मुलगी आहे, वजन 5 किलो. तिचा एका वेळचा डोस 50 ते 75 मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीतून तो अर्धा ते पाऊण मिली होतो, 125 च्या सिरपमधून 2 ते 3 मिली, 250 च्या सिरपमधून 1 ते दीड मिली. आता तिला थेंबांतून 2 मिली पाजले तर एका वेळेला 200 मिलिग्रॅम पोटात गेलं. दर चार तासांनी म्हणजे दिवसाला सहा वेळा, एकूण 1200 मिलिग्रॅम. तिची दिवसाची कमाल मर्यादा 300 आहे. रोज चौपट औषध तीन दिवस गेलं तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. शिवाय सुरुवातीची लक्षणं फसवी असतात: बाळ मलूल होतं, ओकतं, दूध कमी घेतं, आणि घरच्यांना वाटतं लसीचाच त्रास आहे.

कुणी असे डोस देऊन बसलं असेल तर लक्षणांची वाट बघू नका. बाटली आणि डोसांच्या वेळा घेऊन थेट रुग्णालयात जा. यावर उतारा आहे आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका चांगला उपयोगी पडतो.

म्हणून लसीच्या दिवशी केंद्रावर बाळाचं वजन करून घ्या आणि सिस्टरना बाटली दाखवून विचारा, «यातून किती मिली?» औषध त्या बाटलीच्याच ड्रॉपरने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने मोजा, घरातल्या चमच्याने नाही. 500 ची गोळी पाव करून देऊ नका, तो पाव तुकडासुद्धा 125 मिलिग्रॅमचा असतो. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेली सिरपं सहा महिन्यांखालच्या बाळाला नकोत, आणि ॲस्पिरिन तर कुठल्याच लहान मुलाला तापासाठी नको.

लस घेण्याआधीच औषध पाजण्याला आमचा विरोध दोन कारणांसाठी आहे. 2009 मध्ये चेक प्रजासत्ताकातला एक अभ्यास «लॅन्सेट»मध्ये प्रसिद्ध झाला. लसीच्या वेळेपासून ठरवून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही लसींविरुद्धच्या अँटीबॉडीही कमी तयार झाल्या. लस वाया जाईल इतका हा फरक नव्हता, पण ताप नसलेल्या बाळाला उगाच औषध देण्याचं कारणही उरत नाही. दुसरं कारण व्यवहाराचं. औषध आधीपासून चालू असलं की ताप नेमका कधी सुरू झाला ते कळत नाही, आणि खाली दिसेल की सगळा निर्णय त्या वेळेवरच असतो. ताप आल्यावर, बाळ त्रासलेलं असेल तर, योग्य डोस जरूर द्या.

ताप हा लस लागू पडल्याचा पुरावा नाही. सरकारी केंद्रांवर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत डांग्या खोकल्याचे अख्खे, मेलेले जंतू असतात. ताप येतो तो मुख्यतः या घटकामुळे, आणि अनेक बाळांना येतो. पण रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी पुढच्या काही आठवड्यांत तयार होतात, ताप आला असो वा नसो. खासगी दवाखान्यात ‹वेदनारहित› म्हणून जी लस मिळते तिच्यात या जंतूचे फक्त शुद्ध केलेले भाग असतात, म्हणून ताप कमी येतो. ती फुकट जात नाही, मात्र डांग्या खोकल्यापासूनचं तिचं संरक्षण अख्ख्या जंतूच्या लसीपेक्षा लवकर ओसरतं.

गुंडाळण्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या दमट हवेत टोपी, मोजे, दुपटं आणि वर गोधडी घातली की बाळाच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आकडा वाढतो. एक पातळ सुती झबलं पुरे. पंखा चालू ठेवा, पण वारा थेट अंगावर नको. ताप मोजायचा असेल तर गुंडाळलेलं बाळ आधी पंधरा-वीस मिनिटं मोकळं ठेवा, काख कोरडी करा, डिजिटल थर्मामीटरचं टोक काखेत मध्यभागी ठेवा आणि बीप वाजेपर्यंत हात अंगाशी धरून ठेवा. काखेत 99.5 च्या वर ताप धरतात. 100.4, म्हणजे 38 अंश सेल्सिअस, हा आकडा तीन महिन्यांखालच्या बाळासाठी महत्त्वाचा आहे. थंड पाण्याच्या किंवा बर्फाच्या पट्ट्या नकोत, त्याने बाळ कुडकुडतं. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी किंवा घुटीही नको. अंगावरचं दूधच जास्त वेळा पाजा.

आता मेसेजमधलं शेवटचं वाक्य. तिथे आमचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे, कारण प्रत्येक लसीच्या तापाला ठरावीक वेळ असते. पेंटाव्हॅलंटचा ताप पहिल्या चोवीस तासांत सुरू होतो आणि साधारण दोन दिवसांत उतरतो. वरच्या मुलीला सकाळी अकराला लस दिली, संध्याकाळी सातला 100.8 ताप आला, रात्री चिडचिड झाली पण ती दूध ओढून पीत होती, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंग थंड झालं. हे अपेक्षित आहे. तरी ती तीन महिन्यांखालची आहे, म्हणून 100.4 च्या वर ताप दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायला हवं. या वयात गंभीर जंतुसंसर्गही सुरुवातीला फक्त ताप म्हणूनच दिसू शकतो.

आता हीच मुलगी दोन दिवस ठीक राहिली आणि तिसऱ्या रात्री 101 ताप आला, किंवा पहिल्या रात्रीचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर तो लसीच्या खात्यात टाकता येत नाही. तिला त्याच रात्री रुग्णालयात न्यायचं. तान्ह्या बाळाच्या लघवीतल्या जंतुसंसर्गात अनेकदा तापाशिवाय दुसरं लक्षण नसतं. लघवीची तपासणी सांगतात ती त्यासाठी. पावसाळ्यात आपल्याकडे मलेरिया आणि डेंग्यूही असतात, रक्त घेतात ते त्यासाठी.

नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीची वेळ वेगळी आहे. तिच्यात जिवंत पण अशक्त केलेले विषाणू असतात, त्यामुळे ताप पाचव्या ते बाराव्या दिवसात येतो, कधी सोबत बारीक पुरळ असतं, आणि दोन-तीन दिवसांत जातो. त्याच दिवशी न्यूमोकोकलचा डोसही मिळतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशी आलेला ताप बहुधा त्याचा असतो. मात्र आठव्या दिवशीचा ताप दिसला म्हणून तोही लसीचाच असं गृहीत धरू नका. बाळ खेळत-पीत असेल तर लक्ष ठेवा, नसेल तर दाखवा.

काही लक्षणं दिसली तर घड्याळही बघायचं नाही, लगेच निघायचं. दूध ओढत नाही. उठवूनही नीट जागं होत नाही. झटका आला. टाळू फुगलेली दिसते. ओठ निळे पडले. छाती आत ओढली जाते किंवा श्वास जोरात चालतो: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा, दोन महिन्यांपुढच्या तान्ह्या बाळात 50 किंवा जास्त आणि त्याहून लहान बाळात 60 किंवा जास्त म्हणजे धोका. अंगावर दाबून न मावळणारे लाल-जांभळे ठिपके आले. सलग तीन तास कशानेच न थांबणारं रडं. सात-आठ तास लंगोट कोरडा. ताप 104 च्या पुढे, किंवा उलट अंग थंडगार. लसीनंतर काही तासांत बाळ अचानक ढिलं आणि फिकट पडून हाकेला प्रतिसाद देईनासं झालं, हेही क्वचित घडतं. बहुतेक बाळं त्यातून पूर्ण सावरतात, पण रुग्णालयात पोचायलाच हवं. गंभीर ॲलर्जी बहुधा काही मिनिटांतच दिसते, म्हणून केंद्रावर अर्धा तास थांबायला सांगतात. ते टाळू नका.

रात्री दवाखाना बंद असेल तर 108 ला फोन करा, किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, जे जवळ असेल ते. सोबत लसीकरणाचं कार्ड, औषधाची बाटली आणि एका कागदावर तीन गोष्टींच्या वेळा लिहून न्या: लस कधी दिली, ताप कधी सुरू झाला, शेवटचा डोस कधी आणि किती मिली.

मांडीवरची सूज आणि दुखणं दोन-तीन दिवसांत ओसरतं. न दुखणारी छोटी गाठ काही आठवडे राहिली तरी चालते. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत असेल, जागा गरम लागत असेल किंवा पू दिसत असेल तर दाखवा. मांडी चोळू नका, शेकू नका, बाम लावू नका.

साध्या तापामुळे पुढचा डोस टाळायचा नसतो, तो कार्डावरच्या तारखेला द्या. झटका, अचानक ढिलं पडणं, न थांबणारं रडं किंवा गंभीर ॲलर्जी यांपैकी काही झालं असेल तर मात्र पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना आणि लस देणाऱ्या सिस्टरना ते आवर्जून सांगा. अशा घटनांची नोंद आरोग्य विभागाकडे जाते, आणि पुढची लस द्यायची का, कुठली आणि कुठे, हे त्यावरून ठरतं.